शुभारंभ पत्रक (मजकूर)

नवे दुकान उघडताना वर्तमानपत्रातून, इमारतींच्या टपालपेट्यांतून किंवा चौकात उभे राहून वाटल्या जाणाऱ्या एकपानी छापील कागदाचा मजकूर. बोलीत ‘हँडबिल’, ‘पॅम्प्लेट’ किंवा नुसते ‘पत्रक’. प्रचलित आकार ए-५. कागद बहुधा पातळ आणि छपाई बहुधा एकाच बाजूला.

स्वरूप : मराठी शुभारंभ पत्रकाची ठेवण लग्नपत्रिकेवरून आलेली दिसते. वर ‘॥ श्री ॥’, खाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मग मुहूर्त, कोणाच्या शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, ‘सहकुटुंब सहपरिवार’ आणि तळाशी प्रो. प्रा. म्हणून घरातल्या तिघाचौघांची नावे. पत्रिकेत हा क्रम चालतो, कारण ती घेणारा देणाऱ्याला ओळखतो. पत्रक हाती येणाऱ्याची अशी ओळख नसते. पेपर उघडताना ते मांडीवर पडते आणि रद्दीत जाण्यापूर्वी एकदाच नजरेखालून जाते. तेवढ्यात त्याला कळायला हवे की इथे काय मिळते, आज गेल्यास काय फायदा, आणि जायचे कुठे. मजकुराचा क्रम म्हणून मथळा, सवलत, संपर्क असा लावतात. दुकानाच्या नावाचे स्थान वादग्रस्त आहे. मालक ते सर्वांत वर मागतात; मजकूर लिहिणारे ते सवलतीखाली ठेवू पाहतात, कारण नव्या दुकानाचे नाव अजून कोणाच्या ओळखीचे नसते.

मथळा : ‘भव्य शुभारंभ’ हा सर्वाधिक छापला जाणारा आणि सर्वांत कमी सांगणारा मथळा. दुकान चपलांचे की चष्म्यांचे, हे त्यावरून कळत नाही. तो काढायची गरज नाही, कोपऱ्यात लहान टायपात पुरतो. मोठा टाइप वस्तूला किंवा गिऱ्हाइकाच्या अडचणीला द्यावा. ए-५ कागदावर दोन्ही बाजूंचा समास सोडला की सुमारे १२८ मिलिमीटर रुंदी उरते. ४० पॉइंटच्या ठळक टायपात तिच्यात साधारण पंधरा-सोळा अक्षरे बसतात. मथळा त्याहून लांब झाला तर टाइप लहान करण्यापेक्षा शब्द कमी करणे बरे.

सवलत : ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ यातला ‘पर्यंत’ हा शब्द वाचकाच्या चांगला परिचयाचा आहे आणि तो त्यावर विसंबत नाही. ‘हमखास भेटवस्तू’चेही तेच. काय घेतल्यावर काय मिळेल आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे एका वाक्यात बसले तर सवलत वाचली जाते. पुष्कळदा चूक होते ती तारखेत. पत्रकावर मोठ्या अक्षरांत उद्‌घाटनाचा मुहूर्त असतो आणि सवलतीची मुदत नसतेच. मुहूर्त मालकाचा, गिऱ्हाइकाला शेवटचा दिवस हवा असतो. मुहूर्त टळून गेलेले पत्रक दुसऱ्या दिवशी हाती आले तर ते शिळे वाटते, मुदत छापलेले आठवडाभर चालते. तारखेसोबत वार द्यावा. ‘पहिल्या १०० ग्राहकांना’ ही अट आकर्षक असली तरी एकशे एकावा गिऱ्हाईक काउंटरवर उभा राहून वाद घालतो. शंभरावा कोण हे दुकानालाही सांगता येत नाही.

उदाहरण : उपनगरातल्या एका पोळी-भाजी केंद्राचा मालकाने आणलेला कच्चा मजकूर असा होता : ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आपल्या परिसरात प्रथमच घरगुती चवीचे, स्वच्छ, रुचकर व माफक दरात पोळी-भाजी केंद्र सुरू होत आहे, तरी आपण उपस्थित राहून शुभाशीर्वाद द्यावेत.’ पुढे तीन पाहुण्यांची नावे, सकाळी ११ वाजून ७ मिनिटांचा मुहूर्त, आणि तळाशी ‘एकदा अवश्य भेट द्या’. भाजी किती वाजता मिळेल, हे कुठेच नव्हते. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांसाठी काढलेल्या दुकानाच्या पत्रकात नेमकी तीच माहिती हवी. दुसऱ्या खर्ड्यात क्रम असा झाला :

॥ श्री ॥
आज पोळ्या लाटू नका!
गरम पोळ्या आणि रोज दोन भाज्या, संध्याकाळी ६ ते ९.३०
१० पोळ्या घ्या, पाव किलो भाजी मोफत
शनि. ११ ते रवि. १९ ऑक्टोबर
(दुकानाचे नाव)
तळ्याच्या गल्लीत, औषधाच्या दुकानाशेजारी
ऑर्डरसाठी फोन / व्हॉट्सॲप : (क्रमांक)

‘स्वच्छ, रुचकर, माफक’ ही तिन्ही विशेषणे गेली, कारण ती शेजारच्या उपाहारगृहाच्या पत्रकावरही होती. ‘श्री’ राहिला, तो काढायला कोणी तयार होत नाही आणि काढावाही लागत नाही. पाहुण्यांच्या नावांसाठी वेगळी निमंत्रणपत्रिका छापली गेली. पोळ्यांचा दर छापावा की नाही यावर मतभेद झाला आणि तो शेवटी छापला नाही.

संपर्क : अनुभवी मुद्रकाचा सर्वाधिक वेळ या तीन ओळी खातात. सर्व्हे नंबर आणि गट क्रमांकासकट पूर्ण पत्ता परवान्याच्या कागदावर ठीक. पत्रकावर जवळची खूण आधी आणि रस्त्याचे नाव नंतर. खूण पक्की असावी, ‘गणपती मांडवासमोर’ ही खूण दहा दिवसांत नाहीशी होते. फोन क्रमांक एकच द्यावा आणि तो दुकानाच्या वेळेत उचलणाऱ्याचाच असावा. दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत तोडले की वाचून लावायला सोपे जातात. आकडे देवनागरी की इंग्रजी, याबद्दल एकमत नाही. देवनागरी १ आणि ९ लहान टायपात आणि स्वस्त कागदावर एकमेकांसारखे दिसतात, म्हणून मराठी पत्रकांतही क्रमांक बरेचदा इंग्रजी अंकांत असतो. प्रूफ तपासताना क्रमांक डोळ्यांनी वाचून पुरत नाही, कारण डोळा पाठ असलेलाच क्रमांक वाचतो. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी प्रूफवर पाहून तो लावायला सांगतात आणि मालकाचा फोन वाजतो का ते पाहतात. क्यूआर कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नये, आणि तोही छापील प्रूफवरूनच स्कॅन करून पाहावा.

‘आमची कोठेही शाखा नाही’ ही ओळ कालच उघडलेल्या दुकानाच्या पत्रकावरही आढळते.

अक्षरजुळणी : व्हॉट्सॲपवरून आलेला युनिकोड मजकूर जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि रफार सुटतो, ‘पर्यंत’चे ‘पर्‌यंत’ होते. मुद्रक मग श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात मजकूर पुन्हा टाइप करतो, आणि नव्या चुका तिथे शिरतात. म्हणून मोबाइलवर पाठवलेले चित्र पाहून होकार न देता प्रूफ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागते.

वितरण व मोजणी : पेपर टाकणाऱ्यांना गठ्ठे दिले जातात. वेगवेगळ्या गठ्ठ्यांच्या कोपऱ्यात ‘क’, ‘ख’ अशी खूण छापून ‘हे पत्रक आणा’ अशी अट घातली, तर कोणत्या भागातून गिऱ्हाईक आले ते गल्ल्याजवळ जमलेल्या कागदांवरून मोजता येते. एकही ‘ख’ परत आला नाही, तर मजकुरात दोष शोधण्याआधी तो गठ्ठा वाटला गेला का, हे विचारावे.

कायदा : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार जाहीर केलेल्या किमतीला माल पुरवता येण्याची वाजवी शक्यता नसताना त्या किमतीचे आमिष दाखवता येत नाही. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असावा लागतो. मराठी सवलतीखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत अटी छापण्याची रीत त्यात बसत नाही.

रंग : पिवळ्यावर लाल अजूनही रूढ.