महालक्ष्मीच्या मैदानावरील दोन स्त्रिया

एप्रिल १८९० मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर गिरणीकामगारांची एक मोठी सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी बोलाविलेल्या या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले होते. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, ही सभेची मुख्य मागणी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली. या सभेच्या प्रचलित वृत्तांतांत एक लहानसे वाक्य येते : सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. त्यांची नावे मात्र तेथे येत नाहीत, आणि त्या काय बोलल्या तेही येत नाही.

शालेय क्रमिक पुस्तकांत मुंबईच्या गिरण्यांना आधीच जागा थोडी. अमुक साली पहिली गिरणी निघाली, अमुक साली संप झाला, एवढ्यावर प्रकरण आटोपते. राजे आणि लढाया यांच्याच साच्यात हा मजकूरही ओतलेला असतो. राजाच्या जागी पुढारी येतो आणि लढाईच्या जागी संप येतो. तारीख, नायक, जय की पराजय, ही चौकट तीच राहते. सामान्य माणसांचा इतिहास लिहू पाहणाराही या चौकटीत नकळत सापडतो. गिरणीकामगार चळवळीतील पार्वतीबाई भोर यांनी सांगितलेली आत्मकथा पद्माकर चितळे यांनी शब्दबद्ध केली, तिचे नाव 'एका रणरागिणीची हकीकत' असे आहे. कामकरी स्त्रीची हकीकत सांगतानाही आपल्या भाषेला रणांगणाचा शब्द जवळचा वाटावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मग महालक्ष्मीच्या त्या दोन स्त्रियांविषयी काय लिहावे? त्यांना कल्पनेने नावे द्यावीत, तोंडी तेजस्वी भाषणे घालावीत, हा मार्ग कादंबरीकाराला मोकळा आहे, इतिहासकाराला नाही. त्याला दुसरा मार्ग घ्यावा लागतो. व्यक्ती सापडत नसेल, तर तिच्या कामाची जागा शोधावी. ती मात्र बरीचशी सापडते.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत स्त्रियांची गर्दी प्रामुख्याने रिळिंग आणि वाइंडिंग या दोन खात्यांत असे. साचेखाते, म्हणजे मागांचे खाते, पुरुषांचे. रिळिंग खात्यात चातीवरून आलेल्या बॉबिनींचे सूत मोठ्या फाळक्यावर गुंडाळून त्याच्या लडी करीत. फाळक्याचा घेर दीड वाराचा. त्याचे ८० फेरे झाले की १२० वारांची एक गुंडी होई, आणि अशा सात गुंड्यांची, म्हणजे ८४० वारांची, एक लडी. एका रत्तलात जितक्या लडी बसतील तितक्या नंबरचे ते सूत. तेव्हा वीस नंबरच्या सुताचा दहा रत्तलांचा गठ्ठा बांधायचा, तर २०० लडी हव्यात. एका फाळक्यावर एका वेळी ४० लडी चढत असतील, तर फाळका पाच वेळा भरावा आणि उतरवावा लागे, आणि प्रत्येक खेपेस ५६० फेरे. मध्ये धागा तुटला की तो सांधून फेऱ्यांचा हिशेब राखावा लागे. लडी अपुरी भरली तर माल नापसंत ठरे. यंत्र फिरे ते गिरणीच्या वाफेवर. पण डोळा आणि बोट स्त्रीचे.

हा तपशील कंटाळवाणा वाटेल. तथापि, जुनी कागदपत्रे वाचण्याची किल्ली त्यातच आहे. या खात्यांतील मजुरी बहुधा दिवसावर नसून कामाच्या मापावर असे. बॉबिनी वेळेवर आल्या नाहीत, तर फाळका थांबे आणि त्याबरोबर मजुरीही थांबे. त्या काळच्या व्यवस्थापकांच्या आणि निरीक्षकांच्या लेखनात एक तक्रार वारंवार भेटते : स्त्रिया उशिरा येतात, लवकर जातात, त्यांच्या हजेरीला नियम नाही. हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले, तर स्त्रियांच्या आळसाचा पुरावा हाती येतो. मजुरीची रीत लक्षात घेऊन वाचले, तर दुसरेच काही दिसते. सूत नसताना खात्यात बसून राहण्याचे मोल कोणी देत नव्हते. घरी चूल आणि मूल वाट पाहत होते. जिला मालक 'अनियमित' म्हणतो, ती आपल्या वेळेचा हिशेब मालकापेक्षा काटेकोरपणे ठेवीत असण्याचा संभव आहे. वाक्य कोणी लिहिले, त्याला कशाचे मोजमाप हवे होते, आणि ज्याचे मोजमाप झाले नाही ते काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय अशा कागदातून सामान्य माणूस बोलत नाही.

हीच कसोटी कामगारांच्या बाजूच्या कागदांनाही लावली पाहिजे. १८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन जो अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा पंगू झाल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी. या मागण्या सर्वांच्या होत्या, आणि रविवारच्या सुटीचा लाभ स्त्रियांनाही झाला. परंतु बाळंतपण, तान्हे मूल, नायकिणीची मर्जी यांपैकी एकही गोष्ट त्या यादीत नाही. नायकीण म्हणजे स्त्रियांच्या खात्यावरची मुकादमीण. कामावर घेणे आणि काढणे बरेचसे तिच्या हाती असे. लोखंड्यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. एवढेच कळते, की पुढाऱ्याचा अर्ज हा सगळ्या अनुयायांचा आवाज नसतो. सहा वर्षांनंतर दोन स्त्रिया व्यासपीठावर उभ्या राहिल्या, त्या याच यादीला दुजोरा देण्यासाठी की तिच्यात काही भर घालण्यासाठी, हा प्रश्न म्हणूनच उघडा ठेवला पाहिजे.

याचा आणखी एक दाखला १९२२ सालचा आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीतील बाळंतिणींच्या स्थितीची पाहणी केली. त्या पाहणीतील एक आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला : कामकरी स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव बालकांना अफू दिली जात असे. अफूच्या या गोळ्यांना बाळगोळी म्हणत. हा आकडा अनेकांनी अज्ञानाचा पुरावा म्हणून वापरला. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास ठरविली होती आणि १९२२ मध्येही दिवसाची कमाल मर्यादा तेवढीच होती. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. तान्हे मूल खोलीवर ठेवून आईने इतका वेळ फाळक्यापाशी उभे राहायचे, तर त्या मुलाने कोणत्या तरी उपायाने झोपून राहणे भाग होते. दोन्ही आकडे एकत्र वाचले की बाळगोळी ही चालीरीतींच्या प्रकरणातून उठते आणि गिरणीच्या वेळापत्रकात येऊन बसते.

आणि आता त्या घटनेकडे वळले पाहिजे, जी गिरणीकामकरी स्त्रियांच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना असूनही कोणत्याही क्रमिक पुस्तकात सहसा सापडत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांतील दर चार-पाच कामगारांत एक स्त्री असे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले आणि पुढे घटतच गेले. स्त्रिया गिरणीतून गेल्या. कोणत्या दिवशी गेल्या? असा दिवसच नाही. चीनकडे जाणाऱ्या सुताचा व्यापार जपानी आणि खुद्द चिनी गिरण्यांच्या चढाओढीत बसला. लडी बांधून सूत पाठविण्याचे काम आटले आणि रिळिंग खाती ओस पडू लागली. वाइंडिंगमध्ये अधिक वेगाची यंत्रे आली, तशा बाया कमी लागू लागल्या. रात्री स्त्रियांना कामावर ठेवण्यास बंदी झाली, आणि गिरण्या जसजशा रात्रपाळीवर चालू लागल्या तसतशी ती बंदी त्यांना अडचणीची ठरली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. हेतू निर्विवादपणे चांगला होता. परंतु भत्त्याचा सगळा भार ज्या मालकाकडे स्त्री कामाला असेल त्याच्यावर पडे, म्हणून स्त्रीला न ठेवणे त्याला स्वस्त वाटू लागले. संरक्षणाचे कायदेही अशा रीतीने दाराबाहेर जाण्याची वाट रुंद करीत गेले.

या प्रक्रियेला नायक नाही, शत्रूही एक नाही, आणि तिचा निकाल एका दिवसात लागला नाही. राज्यारोहण आणि लढाई यांवर बेतलेल्या इतिहासाला ती दिसत नाही, कारण त्याच्या पंचांगात तारीख नसलेल्या घटनेला घरच नाही. त्यात कामकरी स्त्रियांची नावे नुसती भरल्याने हे साधणार नाही. काळ मोजण्याचे मापच बदलावे लागते. लढाई दिवसांत मोजतात. खाते ओस पडणे पिढ्यांत मोजावे लागते.

गिरणीतून गेलेल्या स्त्रिया श्रमातून गेल्या नाहीत. गिरणगावातील कितीतरी जणींनी खानावळी चालविल्या; कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले पुरुष त्यांच्याकडे जेवत. पण खानावळ म्हणजे घरकाम, असे समजून मोजणीदार पुढे जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि खानावळवाल्यांना बँकेची कर्जे मिळू लागली. तेव्हा कोठे या धंद्याला कागदावर रूप आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणीसंप सुमारे अडीच लाख पुरुषांचा म्हणून वर्णिला जातो. तो दीर्घकाळ ज्या घरांनी सोसला, त्यांच्या चुलीचा जमाखर्च त्या वर्णनात बहुधा नसतो.

तो जमाखर्च तोंडी आठवणींतूनच मिळू शकतो. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील सुमारे शंभर जणांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला ग्रंथ २००४ मध्ये निघाला, तो या दृष्टीने मोलाचा आहे. आठवणींना त्यांचे दोष असतात. दोन संप एकमेकांत मिसळतात. पुढाऱ्याच्या भाषणातील शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी स्वतःचे म्हणून येतात. आणि साल विचारले तर स्त्री बहुधा मुलाच्या जन्मावरून सांगते. हा शेवटचा दोष मानण्याची घाई करू नये. मुलाचे वय जुळवून साल काढता येते, आणि शिवाय तिचा काळ कशावर उभा होता तेही कळते.

महालक्ष्मीच्या त्या दोन स्त्रियांची नावे कदाचित कधीच कळणार नाहीत. त्यांच्या जागी रणरागिणीची मूर्ती बसविण्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवून तिच्याभोवतीचे सगळे नीट लिहावे : दीड वाराचा फाळका, ५६० फेरे, अकरा तास, खोलीवर झोपविलेले मूल, आणि ज्या मागणीपत्रात त्यांचे स्वतःचे एकही कलम नव्हते ते मागणीपत्र. अशा रिकाम्या जागेपाशी विद्यार्थी थांबला आणि 'त्या काय बोलल्या असतील?' असे त्याने विचारले, तर क्रमिक पुस्तकाने आपले काम केले असे म्हणता येईल.