व्यक्तिनामांचे सामान्यरूप

मराठीत नामाला ने, ला, चा असा विभक्तिप्रत्यय किंवा साठी, कडे असे शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याच्या रूपात जो बदल होतो, त्याला सामान्यरूप म्हणतात. घर–घराला, घोडा–घोड्याला, भिंत–भिंतीला. सामान्यनामे हा बदल बहुधा निमूटपणे स्वीकारतात. माणसांची नावे तसे करत नाहीत. आजच्या प्रमाण लेखनात पहिले नाव सहसा मूळ रूपातच राहते, तर आडनाव पुष्कळदा बदलते.

‘रामाने वनवास पत्करला’ असे आपण लिहितो, पण शेजारच्या मुलाबद्दल ‘रामने फी भरली’ असेच लिहितो. देवांच्या आणि पुराणपुरुषांच्या अकारान्त नावांना जुने आ-कारान्त सामान्यरूप टिकून आहे: कृष्णाने, अर्जुनाला, भीमाची गदा. जुन्या गद्यात ते साध्या माणसांच्या नावांनाही होई, आणि ग्रामीण बोलण्यात ‘गणपताला हाक मार’ असे आजही ऐकू येते. शहरी प्रमाण मराठीने ते सोडले. त्यामुळे नाव आणि सामान्यनाम यांत एक उपयोगी भेद तयार झाला. ‘प्रकाशाला अडवू नका’ म्हणजे उजेडाला, ‘प्रकाशला अडवू नका’ म्हणजे त्या नावाच्या माणसाला. ‘विजयने संघाला सावरले’ यात खेळाडू आहे, ‘विजयाने संघाला हुरूप आला’ यात जिंकणे आहे. अर्थात विजया नावाची बाई असेल तर ‘विजयाने’ हे रूप तिचेही असू शकते, आणि तेथे संदर्भच निर्णय देतो.

याच कारणाने नावातला उपान्त्य दीर्घ स्वरही शाबूत राहतो. वकील–वकिलाला या रूपांत ‘की’ ऱ्हस्व होते, कारण पुढे सामान्यरूपाचा आ येतो. दिलीप हे नाव तो आ घेतच नाही, म्हणून ‘दिलीपला’ दीर्घच लिहावे. ‘दिलिपला’ ही अर्धवट नियम लावून झालेली चूक आहे.

आकारान्त स्त्रीनामांतही हीच वाटणी दिसते. रामायणातल्या सीतेला वनात सोडले जाते. वर्गातल्या सीताला मात्र वही दिली जाते. ‘गीतेचा अभ्यास’ म्हणजे भगवद्गीतेचा, ‘गीताचा अभ्यास’ म्हणजे त्या मुलीचा. नद्याही जुन्या रूपालाच धरून आहेत: कृष्णेला पूर येतो.

आडनावाशी बहुधा आदरार्थी अनेकवचन येते, आणि त्याची खूण म्हणजे अनुस्वार. ‘आगरकरांनी 1888 साली सुधारक सुरू केले’ यातला अनुस्वार गाळून ‘आगरकरानी’ लिहिणे चूक आहे. खरी ओढाताण एकारान्त आडनावांत होते. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार एकारान्त नामाचे सामान्यरूप या-कारान्त करायचे; ‘फडके–फडक्यांना’ हे उदाहरण त्या नियमातच दिलेले आहे. तसेच रानडे–रानड्यांनी, कर्वे–कर्व्यांनी. लिमये यात य आधीच असल्याने ‘लिमयांनी’ होते. मोरे याचे ‘मोऱ्यांनी’ लिहिताना ‘ऱ्या’ हवे, ‘र्या’ नव्हे. शिवाजी महाराजांनी 1656 साली जावळी मोऱ्यांकडून घेतली, असे इतिहासात वाचायला मिळते ते याच रूपात.

अलीकडे ‘फडकेंनी’, ‘मोरेंनी’ ही रूपे झपाट्याने पसरली आहेत. त्यामागे कारण आहे: ‘मोऱ्यांची’ हा शब्द न्हाणीच्या मोऱ्यांनाही लागतो, ‘काळ्यांनी’ यातून काळे आडनाव उलगडेलच असे नाही, आणि अनोळखी वाचकाला ‘भाव्यांनी’वरून भावे हे मूळ गाठता येत नाही. तरीही जे आडनाव वाचकाच्या परिचयाचे आहे, तेथे या-कारान्त रूपच मराठीच्या वळणाचे आहे. ईकारान्तांत ‘गांधींनी’ स्थिरावले आहे. जोशी मात्र ‘जोश्यांनी’ आणि ‘जोशींनी’ असे दोन्ही प्रकारे चालते.

पाटील हे वेगळे प्रकरण आहे. लाकूड–लाकडाला याप्रमाणे मधला दीर्घ स्वर जाऊन तेथे अ येतो, म्हणून ‘पाटलांनी’. ‘पाटीलांनी’ हे रूप बातम्यांत सर्रास दिसते, पण ते ना मूळ रूप आहे ना सामान्यरूप.

नाव जसेच्या तसे राहणे आवश्यक असेल तेथे, म्हणजे दस्तऐवजात, निमंत्रणपत्रिकेत किंवा बातमीतल्या पहिल्या उल्लेखात, मराठी प्रत्ययाचा भार सर्वनामावर टाकते: ‘सुरेश पाटील यांनी’, ‘सुधा मोरे यांचा’. ‘यांनी’ हा स्वतंत्र शब्द असल्याने नावापासून सुटा लिहायचा. प्रत्यय स्वतंत्र शब्द नसतो; हिंदीच्या वळणाने लिहिलेले ‘सुरेश ने’ मराठीत अशुद्ध, ‘सुरेशने’ शुद्ध.