पुराचे कारण आणि 10 नोव्हेंबरची तारीख

25 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने टॅक्स ऑडिट अहवालाची मुदत 30 सप्टेंबरवरून 31 ऑक्टोबरवर नेली. मंडळाच्या त्या दिवशीच्या निवेदनात व्यावसायिक संघटनांच्या अर्जांचा उल्लेख आहे. देशाच्या काही भागांतील पूर आणि नैसर्गिक आपत्तींमुळे कामकाज विस्कळीत झाल्याचे त्या अर्जांत म्हटले होते. आदल्याच दिवशी राजस्थान उच्च न्यायालयाने मुदत महिनाभर वाढवण्याचा आदेश दिला होता. पुढे 29 ऑक्टोबरच्या परिपत्रकाने ही तारीख 10 नोव्हेंबर झाली.

त्याच सप्टेंबरात बीड जिल्ह्यातही अतिवृष्टी झाली होती. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या एखाद्या दुकानदाराला या कागदांचा आधार कितपत मिळतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. त्याची उलाढाल 1 कोटी 40 लाख, व्यवहार बहुतेक रोखीचे आणि अनुमानित कराचा पर्याय घेतलेला नाही, म्हणून ऑडिट बंधनकारक. अहवाल दाखल झाला 28 नोव्हेंबरला. आयकर कायदा, 1961 च्या कलम 271ब नुसार दंड उलाढालीच्या अर्धा टक्का, म्हणजे 70 हजार रुपये; कमाल मर्यादा दीड लाख. कलम 273ब प्रमाणे वाजवी कारण असेल तर हा दंड लागत नाही, पण ते कारण सिद्ध करायचे असते करदात्यानेच.

दंडाच्या नोटिशीला ‘पूर आला होता’ एवढेच उत्तर दिले, तर अधिकारी मुदतवाढीचे निवेदन दाखवील. पुराची दखल घेऊन वेळ आधीच वाढवला होता; मग नोव्हेंबरातले अठरा दिवस कसे गेले, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर तारखांच्या साखळीत असते. गोदामात पाणी शिरल्याचा पंचनामा, भिजलेल्या बिलांच्या नकला मागणारी पुरवठादारांना लिहिलेली पत्रे, त्या नकला हाती आल्याची तारीख, सीएला दप्तर दिल्याची पोच. शेवटचे बिल 20 नोव्हेंबरला मिळाले आणि आठ दिवसांत अहवाल गेला, तर कारण आणि विलंब जुळतात. बिले ऑक्टोबरातच आली असतील, तर जुळत नाहीत.

आणखी एक तारीख निर्णायक ठरते. सीएने पोर्टलवर चढवलेला अहवाल करदात्याने स्वतः स्वीकारल्याशिवाय दाखल होत नाही. सीएची सही 8 नोव्हेंबरची आणि स्वीकृती 28 ची असेल, तर पुराचे कारण गळून पडते. मधल्या वीस दिवसांचा वेगळा खुलासा द्यावा लागतो.

हिंदुस्तान स्टील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये म्हटले की, जाणूनबुजून केलेली अवज्ञा नसेल तर केवळ तांत्रिक चुकीसाठी दंड सहसा लावू नये. पण त्या निवाड्याचा उपयोग पुराव्यानंतर होतो, पुराव्याऐवजी नाही. म्हणून खुलाशात आधी तारखा लिहाव्यात, प्रत्येकीपुढे कागद जोडावा आणि निवाडा शेवटी नमूद करावा.