बुलेट आलेख
आडव्या पट्टीने प्रत्यक्ष काम आणि तिला छेदणाऱ्या उभ्या रेघेने लक्ष्य दाखवणारा आलेख. स्टीफन फ्यू यांनी ‘इन्फर्मेशन डॅशबोर्ड डिझाइन’ (२००६) या पुस्तकात तो गोल मापकांना पर्याय म्हणून मांडला.

समजा, विलेपार्ल्यातील एका वाचनालयाला वर्षभरात ४०० सभासद आणि ५ लाख रुपये देणगी हवी आहे. सहामाहीअखेर २२० सभासद आणि २ लाख रुपये झाले. एकके वेगळी, म्हणून दोन्ही पट्ट्या लक्ष्याच्या टक्क्यांत, ५५ आणि ४० अशा, शून्यापासून काढाव्यात. साध्या प्रगतिपट्टीत दोन्ही कामे नुसती अपुरी दिसतात. अर्धे वर्ष सरले म्हणून ५० वर कालरेषा ओढताच सभासद पुढे, देणगी मागे हे कळते. मात्र देणग्या मार्चमध्येच एकवटत असतील, तर ही रेषा फसवते. तिथे गेल्या वर्षीच्या सहामाहीचा प्रत्यक्ष हिस्सा घ्यावा.