हुदलीचे सूत, निपाणीची विडी आणि वर्ध्याची शाळा

मूलोद्योगी शिक्षण, ज्याला नई तालीम, जीवनशिक्षण किंवा वर्धा योजना असेही म्हणतात, त्याचा उगम सेवाग्रामशी जोडला जातो. बेळगाव परिसराचा त्यातील वाटा सहसा सांगितला जात नाही. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि दरमहा दोन हजार वार सूत ही सभासदत्वाची अट तेथे मान्य झाली. पुढे बेळगावजवळच्या हुदली गावी गंगाधरराव देशपांडे यांनी खादीचे केंद्र उभे केले. एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी गांधीजी हुदलीत मुक्कामाला होते. त्याच वर्षी ३१ जुलैच्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि ऑक्टोबरात वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. हुदलीच्या मुक्कामातून ही योजना निघाली असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र सूत काढणे हे राजकीय व्रत होते, ते सहा महिन्यांत शाळेचा विषय कसे झाले, हे समजण्यास हा क्रम उपयोगी आहे.

परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला होती. मातृभाषेला ४० मिनिटे. गणित, संगीत व चित्रकला यांना मिळून आणखी ४० मिनिटे. एवढ्या थोड्या वेळात गणित कसे होणार, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्याचे उत्तर वेळापत्रकात शोधून सापडत नाही, कारण गणिताचा मोठा भाग त्या तीन तासांतच होणे अपेक्षित होते.

एका लटीचा हिशेब पाहू. सूत फाळक्यावर गुंडाळताना चार फुटांचा एक तार धरतात. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे एक लटी ६४० फुटांची, सुमारे २१३ वारांची. बेळगावच्या अटीतील दोन हजार वारांना नऊ लट्या पुऱ्या आणि दहावी अर्धवट लागते. आता सुताचा अंक काढायचा. एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम सुताची लांबी ८४० वार भरली तर ते एक अंकाचे सूत. मुलाची लटी ११.५ ग्रॅम भरली, तर एका पौंडात अशा ३९ हून थोड्या अधिक लट्या बसतील. लांबी सुमारे ८४०० वार, अंक १०. पुढच्या महिन्यात त्याच मुलाची लटी ७.२ ग्रॅम भरली, तर अंक १६. वजन घटले आणि अंक वाढला. व्यस्त प्रमाण फळ्यावर येण्यापूर्वी ते तराजूत आलेले असते. पेळू १३ ग्रॅमचे घेतले होते आणि सूत ११.५ ग्रॅम निघाले, तर दीड ग्रॅम कोठे गेला, हा प्रश्न मूल स्वतःच विचारते. त्यातून घट आणि शेकडेवारी येते. सूत सारखे तुटत असेल, तर पीळ कमी पडला, धागा आखूड होता की पिंजण नीट झाले नव्हते, हे ओळखायचे असते.

उद्योगाची आणि विषयांची अशी जी गाठ पडते, तिला समवाय म्हणतात. बहुतेक शाळांत योजना येथेच ढासळली. सुतावरून कापूस, कापसावरून इजिप्त, इजिप्तवरून पिरॅमिड, असे ओढूनताणून धडे रचले गेले. वास्तविक समितीने उद्योगाबरोबरच निसर्ग आणि समाज हीही समवायाची केंद्रे मानली होती. जे सुतातून येत नाही ते शेतातून किंवा गावातून यावे, एवढी मोकळीक मूळ योजनेतच होती. दुसरीकडे उद्योगाचा वेगळा तास झाला, गुण पुस्तकाला राहिले आणि टकळी कपाटात गेली. कोठारी आयोगानंतर (१९६४-६६) त्याला ‘कार्यानुभव’ हे नाव मिळाले.

याहून कठीण प्रश्न निपाणीचा आहे. तंबाखू आणि विडी यांवर हे गाव वाढले. घरोघरी विड्या वळणाऱ्या आईशेजारी मूलही वळायला बसते. मग तेही हाताचे उत्पादक काम नव्हे काय? १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकाम प्रतिबंधित प्रक्रियांत घातले. शिक्षणाच्या दृष्टीने फरक असा, की विडीचे माप हजारात असते. पान कापणे, जर्दा भरणे, वळणे आणि दोरा बांधणे हे हाताला बसले की त्यापुढे शिकण्यासारखे फारसे उरत नाही. फक्त वेग वाढतो. शिवाय ते तंबाखूच्या धुळीत होते. लटीचा अंक मात्र दर आठवड्याला नवा प्रश्न घालतो. हा धोका झाकीर हुसेन समितीने ओळखला होता. उत्पन्नाची बाजू वरचढ झाली तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात गुंततील, असा इशारा अहवालात आहे. तरीही विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा ही गांधीजींची अपेक्षा योजनेला चिकटून राहिली, आणि माझ्या मते तिनेच सर्वाधिक संशय निर्माण केला.

आज टकळीच घ्यावी असे नाही. गोव्यातून अनमोड घाट चढून बेळगावकडे जाताना खानापूर लागते. कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय संस्था तेथे आहे. मातीच्या ओल्या पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी. वाळल्यावर आणि भाजल्यावर ती समजा ९.१ उरली, म्हणजे आकुंचन नऊ टक्के. आता ३० सेंटिमीटरचे झाकण हवे, तर ओले किती करावे? बहुतेक मुले तिसाचे नऊ टक्के तिसातच मिळवून ३२.७ म्हणतात. ते भाजले की २९.८ च्या आतच राहते आणि झाकण मडक्याच्या काठावर हलते. तिसाला ०.९१ ने भागले की सुमारे ३३ येतात. टक्के कशाचे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात अनेकांचा चुकतो. येथे चूक झाकणच दाखवते.

या कामाची भाषा घरची असते. पेळू, सरकी, आवा हे शब्द मुलाला आजीकडून मिळतात, आणि सीमाभागात त्यांच्या जोडीला कानडी शब्दही. सातही वर्षे मातृभाषेतून शिक्षण हा वर्धा योजनेचा पाया होता. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय द्यावी असे राज्यांना सांगितले आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यापासून येथील मराठी शाळांच्या दृष्टीने हा अनुच्छेद महत्त्वाचा आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकण्याचे सुचवले आहे. हे दिवस सलग घेतले तर खानापूरची पट्टी नीट वाळायच्या आतच मुले परततात. त्यापेक्षा ते वर्षभर विखरून ठेवावेत. एका दिवशी पट्टी आणि झाकण करावे, पुढच्या भेटीत वाळलेली रेघ मोजावी, नंतर भट्टी उघडताना हजर राहावे आणि शेवटी नवे माप काढून तेच झाकण पुन्हा करावे.