फोटोतून सोडवलेल्या समीकरणांचा छेदनबिंदू कसा तपासायचा?

फोटोमॅथसारख्या ॲपमधून पुस्तकातल्या दोन समीकरणांचा फोटो काढला की x आणि y च्या किमती लगेच मिळतात. खाली पद्धतीही दिसतात: एका चलाची किंमत दुसऱ्यात ठेवून, एका चलाचा लोप करून आणि आलेख काढून. तिन्ही पद्धतींनी एकच उत्तर आलं की आपण खूश! पण तिन्ही पद्धती एकाच फोटोवरून वाचलेली समीकरणं सोडवतात. वाचतानाच गडबड झाली असेल, तर तिन्हीकडे एकच चुकीचं उत्तर येणार.

एक उदाहरण घेऊ. पुस्तकात असं छापलंय:

```
2x + 3y = 12
x - y = 1
```

आधी हातानेच सोडवू. दुसऱ्या समीकरणावरून `x = y + 1`. ही किंमत पहिल्यात ठेवली की `2(y + 1) + 3y = 12`, म्हणजे `5y = 10`. म्हणून `y = 2` आणि `x = 3`. कंस सोडवताना 2 ने दोन्ही पदांना गुणायचं, तिथेच बरेच जण घसरतात.

लोप पद्धतीत दुसऱ्या समीकरणाला 3 ने गुणा: `3x - 3y = 3`. आता दोन्ही समीकरणांची बेरीज केली की y जातो, `5x = 15` उरतं आणि `x = 3` मिळतं. या जोडीसाठी मला हीच पद्धत सोपी वाटते, कारण y च्या चिन्हं विरुद्ध आहेतच.

आलेखासाठी पहिल्या रेषेचे (0, 4) आणि (6, 0) हे बिंदू घ्या. दुसऱ्या रेषेसाठी (1, 0) आणि (0, -1) चटकन सुचतात, पण ते फार जवळजवळ आहेत. पट्टी जराशी हलली तरी रेषा पुढे भलतीकडे जाते. त्यापेक्षा (0, -1) आणि (5, 4) घ्या. रेषा (3, 2) मध्ये छेदतात.

आता समजा, पुस्तक जुनं आहे आणि दुसऱ्या समीकरणातल्या वजा चिन्हावर कुणीतरी पेन्सिलची उभी रेघ मारलीय. ॲपला ते अधिक चिन्ह वाटलं. मग ते ही जोडी सोडवतं:

```
2x + 3y = 12
x + y = 1
```

उत्तर येतं (-9, 10). अपूर्णांक नाही, काही विचित्र नाही, म्हणून शंकाच येत नाही. आलेखातही रेषा बरोब्बर तिथेच छेदतात.

ही चूक पकडायची तर किमती छापील पानावरच्या समीकरणांत ठेवून बघा, स्क्रीनवरच्या नाही. पहिलं: `2(-9) + 3(10) = -18 + 30 = 12`. बरोबर! पण इथेच थांबू नका. (0, 4) आणि (6, 0) सुद्धा हे समीकरण पाळतात, कारण त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू ते पाळतोच. दुसरं: `-9 - 10 = -19`, आणि पुस्तकात आहे 1. म्हणजे गडबड दुसऱ्या ओळीत आहे. वाचलेलं समीकरण ॲपमध्ये दुरुस्त करता येतं. नसेल जमत तर सावली टाळून, दोन्ही ओळी चौकटीत घेऊन पुन्हा फोटो काढा. प्रश्नाचा क्रमांक मात्र चौकटीबाहेर ठेवा, नाहीतर तो सहगुणक म्हणून वाचला जाऊ शकतो.

(3, 2) ठेवून बघा: `6 + 6 = 12` आणि `3 - 2 = 1`. दोन्ही जुळलं. या दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, त्यामुळे दोन्ही छापील समीकरणं पाळणारी दुसरी जोडी असूच शकत नाही. उत्तर कुठल्या पद्धतीने आलं, याने काही फरक पडत नाही.

छेदनबिंदू आलेखावरून घेतला असेल तर एक अडचण येते. डेसमॉसमध्ये रेषा छेदतात तिथे टॅप केलं की निर्देशक दिसतात. जिओजेब्रात दोन रेषांना f आणि g अशी नावं असतील तर हे टाइप करा:

```
Intersect(f, g)
```

पण स्क्रीनवरचे दशांश बहुतेक वेळा जवळची किंमत असतात. खरी किंमत 1/3 असेल आणि तुम्ही 0.33 ठेवलंत, तर `3x` चं उत्तर 1 ऐवजी 0.99 येईल. एवढासा फरक दिसला तर उत्तर लगेच चुकीचं ठरवू नका. लोप पद्धतीने नेमका अपूर्णांक काढा आणि तो ठेवून बघा. 1 च्या जागी -19 आलं, तर मात्र पान आणि स्क्रीन शेजारी धरून एकेक चिन्ह जुळवा.