शून्य व ऋण घातांक

शून्य व ऋण घातांक : शून्याखेरीज कोणत्याही संख्येचा घातांक 0 असेल, तर त्या घाताची किंमत 1 असते. घातांक ऋण असेल, तर तेवढाच धन घातांक घेऊन येणाऱ्या किमतीचा गुणाकार व्यस्त घ्यायचा असतो. a ≠ 0 असताना a⁰ = 1 आणि a⁻ⁿ = 1/aⁿ.

2³ म्हणजे 2 तीनदा मांडून केलेला गुणाकार, हा घाताचा शाळेतला पहिला अर्थ. 2⁰ पाशी तो निरुपयोगी ठरतो आणि उत्तर 0 असावे असे वाटू लागते. गणितात मात्र हा अर्थ न ताणता घातांकांचा नियम जपतात. पाया सारखा असला की गुणाकारात घातांकांची बेरीज होते : aᵐ × aⁿ = aᵐ⁺ⁿ. शून्य घातांकालाही हा नियम लागू राहायचा, तर 2³ × 2⁰ = 2³ असायला हवे, म्हणजेच 8 × 2⁰ = 8. आठाला गुणून आठच देणारी संख्या एकच, ती 1. तेव्हा 2⁰ = 1 ही व्याख्या आहे खरी, पण ती मर्जीची नाही; दुसरी कोणतीही किंमत घेतली तर नियम मोडतो.

ऋण घातांकाचा अर्थही याच नियमातून निघतो. 2³ × 2⁻³ = 2⁰ = 1, म्हणून 2⁻³ = 1/8. घातांकातले ऋण चिन्ह उत्तराला ऋण करत नाही, व्यस्त करते. 2⁻³ = −8 किंवा −6 लिहिणारे नेमके इथे चुकतात.

जर्मन गणितज्ञ मिखाएल श्टिफेल याने 1544 सालच्या ‘अरिथमेटिका इंटेग्रा’ या ग्रंथात पुढील मांडणी दिली आहे :

| −3 | −2 | −1 | 0 | 1 | 2 | 3 | 4 | 5 | 6 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| 1/8 | 1/4 | 1/2 | 1 | 2 | 4 | 8 | 16 | 32 | 64 |

डावीकडे एक घर सरकले की वरची संख्या 1 ने कमी होते, खालची निम्मी होते. शून्याखाली 1 आपसूक येतो. वरच्या −3 व 6 यांची बेरीज 3 आणि खालच्या 1/8 व 64 यांचा गुणाकार 8. तो बरोबर 3 च्या खाली सापडतो. नियमाचा पडताळा घ्यायला याहून सोयीचे कोष्टक नाही.

पाया 0 असेल तर हा युक्तिवाद लागू पडत नाही. 0³ × 0⁰ = 0³ म्हणजे 0 × 0⁰ = 0, आणि ही अट कोणतीही संख्या पुरी करते. म्हणून शालेय गणितात 0⁰ अनिश्चित मानतात. बहुपदींच्या सूत्रांत मात्र सोयीसाठी ते 1 धरण्याचा प्रघात आहे. 0⁻¹ मध्ये तर शून्याने भागावे लागते, त्यामुळे त्याला किंमतच नाही. पाया ऋण असेल तर कंस पाहावा : (−5)⁰ = 1, पण −5⁰ = −1, कारण तेथे घात केवळ 5 चा आहे.